अष्टशीलातली भूक आणि स्वतःवरचा राग

वर्षावास सुरू झाला की विहारातल्या आमच्या आरोग्य तपासणीच्या टेबलापाशी एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "सिस्टर, पौर्णिमेला अष्टशील घेतेय. मग शुगरची गोळी घ्यायची की सोडायची?" विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते, आणि तिचा निश्चय आधीच झालेला असतो. तिला फक्त गोळीचे विचारायचे असते, उपोसथाचे नाही.

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा असे हे तीन महिने. पौर्णिमा, अमावस्या, अष्टमी या दिवशी आपल्या वस्त्यांतून अनेक उपासक-उपासिका पांढरी वस्त्रे नेसून अष्टशील घेतात. त्यातले सहावे शील विकालभोजनाचे, म्हणजे मध्यान्ह टळल्यापासून दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत न जेवण्याचे. आरोग्याच्या पानावर आम्हांला लिहायचे आहे ते या एका शीलाबद्दल. बाकीची सात पाळताना कुणाला दवाखान्यात न्यावे लागल्याचे आम्ही पाहिलेले नाही. सहाव्यासाठी न्यावे लागले आहे.

या शीलाबद्दल वस्तीत दोन टोकाची मते ऐकू येतात. तरुण पोरे म्हणतात, उपासतापास आपण सोडून आलो, आता हे नवे कशाला? आणि काही वडीलधाऱ्या बाया म्हणतात, शील घेतले की थुंकीसुद्धा गिळू नये, जितका जीव कासावीस होईल तितके पुण्य. आम्हांला दोन्ही पटत नाहीत. आपण विहारात ज्या महामंगलसुत्ताचे पठण करतो, त्यात तप हे मंगलांमध्ये मोजलेले आहे. म्हणजे तप हा शब्द आपल्याकडून हाकलून दिलेला नाही. पण ज्यांनी तो शब्द ठेवला, त्यांनीच शरीर जाळून काही मिळत नाही हे स्वतःच्या शरीरावर अनुभवले होते. तेव्हा तप कशाला म्हणायचे आणि स्वतःला शिक्षा करणे कशाला म्हणायचे, हे आधी नीट पाहू.

शील घेताना शेवटी आपण 'समादियामि' म्हणतो. त्याचा अर्थ मी हे स्वीकारतो, अंगावर घेतो. आणि ज्याचा स्वीकार करतो त्याला 'सिक्खापद' म्हटले आहे, म्हणजे शिकण्याचा पाठ. पाठ चुकला तर तो पुन्हा गिरवायचा असतो. त्यात कुणी वरून पाहून दंड करणारा नाही, नवस नाही, फेडायचे देणे नाही. पाणी प्यायला बंदी नाही. गाळलेला फळांचा रस दुपारनंतरही चालतो. दूध मात्र बहुतेक ठिकाणी अन्नच धरतात. निर्जळी हा प्रकार या शीलात नाहीच. तो आपल्या घरांत जुन्या सवयीने शिरतो, आणि शिरताना पांढरी साडी नेसून शिरतो म्हणून ओळखू येत नाही.

पहिल्यांदा सहावे शील पाळणाऱ्या धडधाकट माणसाला काय होते ते आधी सांगतो, कारण ते ठाऊक नसले की साध्या भुकेला लोक घाबरतात आणि खऱ्या धोक्याला उपासाची गुंगी समजतात. अकरा-साडेअकराला जेवण झालेले असते. चारच्या सुमारास चहाची वेळ येते आणि डोके ठणकायला लागते. हे पुष्कळदा भुकेमुळे नसून रोजचा चहा चुकल्यामुळे असते. सात-आठ वाजता शेजारच्या घरात फोडणी पडते तेव्हा भूक सपाटून लागते. पंधरा-वीस मिनिटे ती जोरात असते, मग उतरते, तासाभराने पुन्हा येते. ती लाटेसारखी येते-जाते हे ज्याने एकदा बसून पाहिले, त्याला त्या दिवसाचा पाठ मिळाला. भूक आली म्हणजे लगेच काहीतरी तोंडात टाकलेच पाहिजे असे नाही, राग आला म्हणजे लगेच बोललेच पाहिजे असे नाही, हे तिथून कळते. किंचित चिडचिड होते, पाणी प्याले की बरे वाटते, झोप लागते. सकाळी उठल्यावर माणूस शांतपणे चहा-पोहे घेतो. ही निवडलेली गैरसोय. तिला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि ती मोडायची वेळ आली तर मोडता येते. यालाच आम्ही तप म्हणतो, आणि धडधाकट माणसाने ते जरूर करून पाहावे.

आता दुसरी बाजू. सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेच्या बाजूला केलेली दुष्करचर्या आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती सहा वर्षे चालल्याचे लिहिले आहे. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात त्या काळातल्या शरीराचे वर्णन भगवंतांनी स्वतःच केलेले आहे. आम्ही ते पहिल्यांदा वाचले तेव्हा ते धर्मग्रंथासारखे वाटलेच नाही, वॉर्डातल्या रुग्णाच्या केसपेपरसारखे वाटले. आहार काय, तर मूग किंवा कुळथाचे ओंजळभर कढण. डोळे खोल गेलेले. बरगड्या मोजता येतील इतक्या वर आलेल्या. पोटाला हात लावावा तर आतून पाठीचा कणा हाताला लागतो. अंगावरून हात फिरवला तर मुळाशी कुजलेले केस गळून पडतात. लघवीला उठावे तर तोल जाऊन तोंडावर पडायचे. आज असा रुग्ण आला तर आम्ही तीव्र कुपोषण असे लिहू, आणि उठताना पडतो म्हणजे रक्तदाब किती खाली गेला आहे ते आधी पाहू.

त्या अवस्थेत त्यांना काय कळले? एवढे सोसूनही ज्ञान जवळ आलेले नाही, हे कळले. लहानपणी जांभळीच्या सावलीत बसले असता मन आपोआप शांत झाले होते, ती आठवण आली, आणि इतक्या खंगलेल्या शरीराने तशी शांतता मिळणार नाही हेही उमगले. म्हणून त्यांनी अन्न घेतले. सुजातेच्या खिरीची कथा आपण मुलांना सांगतो, पण तिच्यानंतरची गोष्ट सांगायला विसरतो. त्यांनी अन्न घेतलेले पाहून बरोबरचे पाचही परिव्राजक त्यांना सोडून गेले. त्यांच्या लेखी हा माणूस घसरला होता. आजही एखादीने शील घेऊन रात्री आजारापायी दोन घास खाल्ले की विहाराच्या पायरीवर कुजबूज होते, तेव्हा आम्हांला त्या पाच जणांची आठवण होते. पुढे सारनाथला पहिले प्रवचन त्याच पाच जणांना दिले गेले, आणि त्याची सुरुवातच दोन टोके टाळण्यापासून झाली. सुखात लोळणे हे एक टोक, स्वतःला पीडा देणे हे दुसरे.

आता त्या गोळीच्या प्रश्नाकडे येतो. एका उपासिकेची हकीकत सांगतो. वय पन्नाशीचे, तीन घरची धुणीभांडी करणारी, सात वर्षांपासून मधुमेह. तिला सकाळी आणि रात्री जेवणाआधी घ्यायची एक जोडगोळी होती, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली. पौर्णिमेला तिने सकाळी गोळी घेतली, चहाबरोबर दोन टोस्ट खाल्ले, एका घरचे काम उरकले, साडेअकराला भाकरी, डाळ आणि भाजी खाऊन शील पाळायला सुरुवात केली. दुपारी उरलेल्या दोन घरची कामे केली. संध्याकाळी विहारात वंदना, ग्रंथवाचन. नऊला घरी आली. डॉक्टरांनी बजावलेले होते की गोळी कधी चुकवू नकोस, म्हणून तिने पाण्याबरोबर रात्रीची गोळी घेतली आणि न जेवता झोपली.

रात्री दीडच्या सुमारास सुनेला कण्हण्याचा आवाज आला. सासूचे अंग घामाने भिजलेले, हात थरथरणारे, हाक मारली तर उत्तर भलतेच. शेजारीण म्हणाली, उपासाची गुंगी आहे, पडू दे तिला. सून हुशार. तिने आधी पाण्याचा घोट देऊन सासू नीट गिळते का पाहिले, मग पाण्यात चार चमचे साखर विरघळवून थोडे थोडे पाजले. समोरच्या खोलीतल्या गृहस्थांकडे साखर मोजायचे यंत्र होते. त्यावर आकडा आला 46. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असे आम्ही धरतो, आणि पन्नासच्या आत मेंदूला पुरेशी साखर पोचत नाही म्हणून बोलणे बिघडते. पंधरा मिनिटांनी 64 झाली. पुन्हा साखरपाणी, मग 92. बाई भानावर आली. सुनेने वरणभात करून चार घास भरवले.

इथे बहुतेक घरचे लोक सुटलो म्हणून झोपतात. सून जागी राहिली. पहाटे चारला पुन्हा घाम सुटला, आणि आकडा 58. तेव्हा मात्र तिने रिक्षा बोलावून दवाखाना गाठला. तिथे शिरेतून ग्लुकोज लावून चोवीस तास ठेवून घेतले.

हे असे का झाले ते समजून घ्या. मेटफॉर्मिन ही गोळी साखर वाढू न देण्याचे काम करते आणि एकटी असेल तर साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आले की नाही, याची ती वाट पाहत नाही. भरल्या पोटी तेच औषध गुणकारी, उपाशीपोटी तेच घातक. त्यात तिचा असर एका दिवसापर्यंत राहतो, म्हणून साखरपाण्याने वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरते. मूत्रपिंडे थकलेली असतील तर औषध शरीरात आणखी रेंगाळते. ग्लिक्लाझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड याच जातीच्या गोळ्या. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेले नाव असते, त्याच्या खाली बारीक अक्षरात ही खरी नावे असतात. ती मुलाबाळांकडून वाचून घ्या. इन्शुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांना तर हे सगळे दुपटीने लागू आहे.

तेव्हा गोळी घ्यायची की सोडायची, याला आमचे उत्तर असे. स्वतःच्या मनाने दोन्ही करू नका. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर उतरेल, गोळी सोडून सकाळी भरपेट खाल्लेत तर ती चढेल. आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा की अमुक दिवशी दुपारनंतर मी जेवत नाही. काहींना ते वेळ किंवा मात्रा बदलून देतील. इन्शुलिनवर असलेल्यांना, किंवा ज्यांची साखर आधी एकदा उतरली आहे अशांना, बहुधा ते जेवायलाच सांगतील. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, क्षयाचे उपचार चालू असलेले आणि वजन उतरलेले रुग्ण, वाढीच्या वयातली मुले यांनी सहावे शील घेऊ नये असे आम्ही स्पष्ट सांगतो. विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांनी निर्जळी तर कधीच करू नये, कारण शरीरातले पाणी कमी झाले की त्यांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो.

आणि घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे. साध्या भुकेने माणूस कुरकुरतो, पण नीट बोलतो. थंड घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, भलतेच बोलणे किंवा अचानक चिडणे, यातले काही दिसले तर शील, वेळ, मध्यान्ह काही न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि नंतर जेवण द्यावे. या गोळ्या घेणाऱ्या माणसाला बरे वाटले तरी त्याच रात्री दवाखाना दाखवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, ते श्वासनळीत जाते. कुशीवर वळवून ठेवावे आणि 108 ला फोन करावा.

कुणी म्हणेल, पण शील मोडते त्याचे काय? विनयपिटकातल्या महावग्गात याचे उत्तर आहे, आणि तेही याच मोसमातले. पावसाळा सरता सरता भिक्षूंना आजार झाला. पेज प्यावी तर उलटी, भात खावा तर उलटी. ते वाळले, पिवळे पडले, अंगावर शिरा दिसू लागल्या. भगवंतांनी ते पाहिले आणि विचार केला की औषध म्हणून चालेल, शरीराला आधारही देईल, पण जेवण म्हणून धरले जाणार नाही असे काय देता येईल. त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. आधी त्या मध्यान्हाच्या आत घ्यायला सांगितल्या. तेवढ्याने भिक्षूंना गुण येईना, तेव्हा नियम बदलून त्या दुपारनंतरही, केव्हाही घ्यायची मुभा दिली. पाहा, काकवी आणि मध. साखर उतरलेल्या माणसाला आम्ही आज जे देतो, त्याचीच ही भावंडे. ज्यांनी नियम घातला, त्यांनीच आजारी माणसाकडे पाहून नियमाला दार ठेवले. आपण ते दार बंद करायला कुठून शिकलो?

इथवर शरीराचे झाले. पण शिक्षा म्हणजे काय, हे गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेले नसते. ते माणसाच्या मनात असते, आणि बाहेरून तप आणि शिक्षा अगदी सारखी दिसतात. दोघी जणी पांढऱ्या साडीत शेजारी बसलेल्या, दोघी उपाशी. एक शिकते आहे, दुसरी स्वतःला मारते आहे.

आमच्याकडे एक आई आली होती. मुलगा दारूने गेला होता. ती महिन्यातून चार उपोसथ करायची, मग आठवड्यातून चार करू लागली, मग रोज एकवेळच्या जेवणावर आली, तेही चटणी-भाकर. वजन उतरले, पायाला सूज आली, रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. बाईला ते बाराच्या वर हवे. तिला विचारले, कशासाठी? म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं असणार, मागच्याचं फेडते." हे ऐकून आम्हांला देवदह सुत्त आठवले. शरीराला कष्ट देऊन मागचे कर्म जाळू म्हणणाऱ्या निगंठ तपस्व्यांना भगवंतांनी तिथे साधे प्रश्न विचारले आहेत. तुम्ही मागे नेमके काय केले हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यातले किती फिटले, किती उरले, हे मोजता येते का? दोन्हींचे उत्तर नाही असे आले. आम्ही त्या माउलीला तेच आपल्या भाषेत विचारले. किती दिवस उपाशी राहिलं म्हणजे पोरगा गेल्याचं फिटेल, ताई? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग रडली. तो मुलगा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच रडत होती, असे तिची लेक म्हणाली. रडून सगळे सुटले असे नाही. लोहाच्या गोळ्या, रोज दोन वेळचे जेवण आणि मानसोपचार विभागात नेणे, या सगळ्याला कित्येक महिने लागले.

देणे फेडण्यासाठी केलेल्या उपासाला शेवट नसतो, कारण देणे कधी मोजलेलेच नसते. म्हणून तो वाढत जातो. आम्ही तपासणीत एक प्रश्न हमखास विचारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला घास घेताना कसे वाटते? शिकण्यासाठी शील घेतलेली बाई म्हणते, बरं वाटतं, पोहे गोड लागतात. स्वतःवर रागावलेली बाई म्हणते, खाल्लं की अपराध्यासारखं वाटतं. काही जणी तर सकाळीही खात नाहीत, आणि ते घरच्यांपासून लपवतात. तरुण मुलींत हे वेगळ्या रूपाने येते. परीक्षेत नापास झाली, कुणी जाड म्हणाले, लग्न मोडले, आणि मग 'अष्टशील' हे न जेवण्याचे सोयीचे नाव होते. आई खूश असते की पोरगी धम्माला लागली. पाळी दोन-तीन महिने बंद, हातपाय गार, केस गळणे, मनगटावर ओरखडे किंवा चटके, आरशासमोर सतत उभे राहणे, यातले काही दिसले तर तिला शाबासकी देऊ नका, ओरडूही नका. डॉक्टरांना दाखवा. शासनाचा टेलिमानस हा 14416 क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

धम्मात चुकीवर उपाय नाही असे नाही. भिक्षूंच्या संघातही चूक झाली की ती दुसऱ्याजवळ बोलून दाखवायची आणि पुढे सांभाळून राहायचे, अशी रीत आहे. किरकोळ चुकीला तेवढेच पुरे मानतात. उपाशी राहून भरपाई, हे त्यात कुठे नाही.

आणखी एक गोष्ट, जी बोलली जात नाही. तप निवडायचे असेल तर आधी निवड हातात हवी. आपल्या घरातली बाई सगळ्यांना वाढून उरलेले खाते. आषाढात कामे कमी मिळतात तेव्हा तिच्या ताटातली डाळ आधी पातळ होते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीच सांगते. जिला रोजच अर्धपोटी झोपावे लागते, तिने पौर्णिमेला पुन्हा उपाशी राहून काय सोडले? आठवे शील उंच आणि मऊ शय्या टाळायचे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत जी जन्मभर जमिनीवर निजली, तिने काय टाळले? आम्ही अशा बायांना उलटे सुचवतो. पौर्णिमेला तुम्ही सगळ्यांच्या आधी जेवा, ताट भरून, डाळ घट्ट. त्या दिवशी उशिरा आणि कमी जेवण्याची पाळी घरातल्या धडधाकट पुरुषाने घ्यावी. एका घरात हे खरोखर करून पाहिले. नवऱ्याला आठ वाजता भूक लागली तेव्हा तो चार वेळा स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जाऊन परत आला. त्याच्यासाठी ते खरे तप होते. तिच्यासाठी आधी जेवणे हेच अवघड होते, तिला घास गिळवेना. मग तेही तपच म्हणायचे की.

ज्यांना आजारामुळे सहावे शील जमत नाही, त्यांनी सातव्याकडे पाहावे. नाच, गाणे, तमाशा यांपासून दूर राहण्याचे ते शील. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा मोबाइल बंद करून दुसऱ्याच्या हाती द्या आणि मालिकाही पाहू नका. आमच्या त्या पन्नाशीच्या उपासिकेने पुढच्या पौर्णिमेपासून हेच धरले. रात्री आठला जेवते, गोळी वेळेवर घेते आणि मोबाइल सुनेच्या पिशवीत. तिने सांगितले की भुकेपेक्षा हे अवघड गेले, पहिल्या रात्री तर हात आपोआप उशीखाली जायचा.

विहाराकडे किंवा मोठ्या दिवशी लांबवर अनवाणी चालत जाणाऱ्यांसाठी शेवटी एक सांगायचे राहिले. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. खडा रुतला, फोड आला तरी कळत नाही, आणि जे दुखत नाही ते सोसण्यात तप कसले? महावग्गातच सोण कोळिवीस नावाच्या भिक्षूची कथा आहे. तो सुखात वाढलेला, कोवळ्या पायांचा. राजगृहाजवळच्या शीतवनात चंक्रमण करताना त्याचे तळवे फुटले आणि वाट रक्ताने माखली. तरी मन काही मुक्त होईना. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला, तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि सैल सोडली तरी लागत नाही. आपल्याला ही गोष्ट इथपर्यंतच ऐकवतात. पुढे काय झाले तर भगवंत त्याला म्हणाले, तू कोवळा आहेस, एकपदरी वहाणा घाल. सोण म्हणाला, एकट्याने घातल्या तर लोक नावे ठेवतील, संघाला परवानगी असेल तर घालीन. तेव्हा वहाणांची परवानगी सगळ्याच भिक्षूंना दिली गेली.

आमच्या विहारात या वर्षावासात दाराशी एक टेबल ठेवले आहे. त्यावर साखरेचा डबा, पाण्याचा जग, चमचा, साखर मोजायचे यंत्र आणि एक वही. शील घेणाऱ्यांनी कोणती गोळी चालू आहे ते वहीत लिहून जायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रिकामे पाकीट आणायचे, आम्ही वाचून लिहितो. टेबलाखाली चपलांची रांग असते. ज्यांना मधुमेह आहे त्यांचे तळपाय वंदनेआधी तपासून घेतो. दहा मिनिटांचे काम आहे, येताना पाय धुऊन या.